चोवीस लाख नावं आणि एक ‘का?’

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहरात सुमारे २४ लाख माणसं मोजली गेली. समजा, या सगळ्यांची एक यादी आपल्या हातात आहे. प्रत्येक ओळीत एक नाव आणि एक पिनकोड. ओळी वाटेल तशा मिसळलेल्या आहेत आणि काम एकच आहे, नावं अकारविल्हे लावायची.

सगळ्यात भोळी पद्धत म्हणजे प्रत्येक नाव इतर प्रत्येक नावाशी ताडून पाहायचं. अशा जोड्या होतात २ लाख ८८ हजार कोटी. एखादा कारकून न झोपता, न जेवता सेकंदाला एक जोडी तपासत बसला, तर त्याला सुमारे ९१ हजार वर्षं लागतील. त्याच कारकुनाला मर्जसॉर्टची रीत शिकवली, तर तीच यादी तो साधारण दीड वर्षात लावून देईल. माणूस तोच, वेग तोच, नावंही तीच. बदलला तो फक्त कोणत्या दोन नावांची तुलना करायची आणि कोणत्या नावांची टाळायची, हा निर्णय.

व्हीएनआयटीच्या कॅम्पसमध्ये असो की मिहानमधल्या एखाद्या कंपनीत, सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत हा प्रश्न कधी ना कधी येतोच. कोणतं सॉर्टिंग वापराल? उमेदवार म्हणतो, “क्विकसॉर्ट, सर.” समोरून येतं, “का?” उमेदवार म्हणतो, “कारण ते O(n log n) आहे.” पण मर्जसॉर्टही O(n log n) आहे, म्हणजे या उत्तराने दोघांमध्ये काहीच निवडलं नाही. शिवाय क्विकसॉर्टच्या बाबतीत ते फक्त सरासरीपुरतं खरं आहे. ‘का’चं खरं उत्तर त्या २४ लाख ओळींमध्ये आहे. ते शोधायचं तर यादीचा हिशेब थोडा खोलात जाऊन मांडावा लागतो.

तळाची रेघ

आधी हे बघू, की कोणीही कितीही हुशार असला तरी किती तुलनांच्या खाली जाऊच शकत नाही.

फक्त २० नावं घ्या. ती एकूण किती क्रमांनी मांडता येतील? २४ हजार ३२९ कोटी कोटी क्रमांनी, त्याहून थोड्या जास्तच. यातला एकच क्रम बरोबर आहे. प्रत्येक तुलना म्हणजे ‘हे नाव आधी की ते?’ असा एक प्रश्न. त्याच्या उत्तराने उरलेल्या शक्यतांपैकी फार तर निम्म्या बाद होतील अशी खात्री देता येते. निम्मे, निम्मे करत एका क्रमावर येण्यासाठी सर्वांत वाईट प्रसंगी किमान ६२ प्रश्न लागणारच. २० नावांच्या जोड्या १९० होतात, त्यामुळे ६२ हा आकडा छोटा वाटतो. पण तो पद्धतीवर अवलंबून नाही. जी पद्धत तुलना करूनच क्रम लावते, तिला तो चुकवता येत नाही.

२४ लाख नावांच्या शक्य क्रमांची संख्या लिहायला घेतली तर ती १ कोटी ४३ लाख अंकी होते. ती निम्मी निम्मी करत एकावर आणायला सुमारे ४ कोटी ७४ लाख तुलना लागतात. ही झाली तळाची रेघ. आता दोन्ही पद्धती या रेघेच्या किती वर आहेत ते पाहू.

मर्जसॉर्टची कल्पना जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडली. यादीचे दोन अर्धे करायचे, प्रत्येक अर्धा याच रीतीने लावून घ्यायचा आणि मग दोन लावलेल्या याद्या वरून खाली एकत्र विणत जायच्या. २४ लाख नावांसाठी ही पद्धत सर्वांत वाईट प्रसंगीसुद्धा ४ कोटी ८६ लाख तुलनांच्या पुढे जात नाही. तळाच्या रेघेपेक्षा हे जेमतेम अडीच टक्के जास्त आहे. यादी कशीही येवो, उलटी येवो, सुलटी येवो, मर्जसॉर्टचा आकडा याच्या वर जात नाही.

क्विकसॉर्ट टोनी होअर यांना १९५९ मध्ये मॉस्कोत सुचलं आणि १९६१ मध्ये छापून आलं. यात यादीतलं एक नाव पिव्हट म्हणून निवडतात. त्याच्या आधी येणारी सगळी नावं एका बाजूला, नंतर येणारी दुसऱ्या बाजूला जातात आणि मग दोन्ही बाजूंवर पुन्हा तेच. पिव्हट कोणतंही सारख्याच शक्यतेने निवडलं जात असेल, तर २४ लाख नावांसाठी सरासरी ६ कोटी ३७ लाख तुलना होतात. म्हणजे क्विकसॉर्ट सरासरीतही मर्जसॉर्टपेक्षा तीसेक टक्के जास्त तुलना करतं. मग त्याला ‘क्विक’ का म्हणतात, हा मुलाखतीतला पहिला खरा प्रश्न आहे.

उत्तर तुलनांच्या संख्येत नाही, तुलनेच्या किमतीत आहे. समजा, नावांऐवजी फक्त पूर्णांक लावायचे आहेत. दोन पूर्णांकांची तुलना जवळजवळ फुकट असते. खर्च होतो तो आकडे इकडून तिकडे हलवण्यात. मर्जसॉर्टला विणण्यासाठी दुसरी तेवढीच जागा लागते आणि प्रत्येक फेरीत सगळे घटक एका जागेतून दुसरीत उतरवावे लागतात. अशा सुमारे २१ फेऱ्या होतात. क्विकसॉर्ट मात्र त्याच अ‍ॅरेत, जागच्या जागी अदलाबदल करतं आणि जे आधीच योग्य बाजूला आहे त्याला हात लावत नाही. त्याची आतली आवर्तनं छोटी आणि सरळ असतात. यादीचे तुकडे लहान होत गेले की ते प्रोसेसरच्या जवळच्या कॅशमध्ये मावतात आणि काम तिथल्या तिथे उरकतं. म्हणून पूर्णांकांसाठी तीस टक्के जास्त तुलना करूनही ते सहसा आधी संपतं.

नावांची गोष्ट उलटी आहे. ‘देशमुख’ आणि ‘देशपांडे’ यांची तुलना करायला आधी ‘देश’पर्यंत अक्षरं जुळवत जावं लागतं. त्यासाठी मेमरीत दोन वेगळ्या ठिकाणी जावं लागतं. तुलना अशी महाग झाली की दीड कोटी जास्तीच्या तुलना बोचायला लागतात. हलवायचं म्हणाल तर पूर्ण नाव हलवावं लागत नाही, त्याचा आठ बाइटांचा पत्ता हलवला तरी पुरतं. २४ लाख पत्त्यांसाठी मर्जसॉर्टला लागणारी जादा जागा दोन कोटी बाइटांच्या आतच राहते. आजच्या साध्या लॅपटॉपलाही ती सहज परवडते.

जावाच्या लायब्ररीने नेमकी हीच वाटणी केली आहे. २०११ मध्ये आलेल्या जावा ७ पासून साध्या पूर्णांकांच्या अ‍ॅरेसाठी व्लादिमीर यारोस्लावस्की यांचं दोन पिव्हटांचं क्विकसॉर्ट आहे आणि ऑब्जेक्टच्या अ‍ॅरेसाठी टिमसॉर्ट, म्हणजे मर्जसॉर्टचंच सुधारलेलं रूप. त्यामागे आणखी एक कारण आहे, ते स्टेबिलिटीचं. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

जेव्हा सरासरी दगा देते

“ठीक आहे, क्विकसॉर्टच घेऊ. पण वर्स्ट केस कधी येते?” हा पुढचा प्रश्न. पाठ केलेलं उत्तर असतं, ‘पिव्हट वाईट निघाला तर.’ पण तो वाईट कधी निघतो?

पुस्तकातल्या पहिल्या प्रोग्रामसारखं यादीतलं पहिलंच नाव पिव्हट म्हणून घेतलं, तर सर्वांत वाईट यादी म्हणजे आधीच नीट लावलेली यादी. पहिलं नाव सर्वांत आधीचं असल्याने एका बाजूला शून्य नावं जातात आणि दुसऱ्या बाजूला उरलेली २३,९९,९९९. पुढच्या फेरीत पुन्हा एकच नाव कमी होतं. बेरीज करत गेलं की आपण थेट त्या २ लाख ८८ हजार कोटी तुलनांवर पोहोचतो. संगणक सेकंदाला १० कोटी तुलना करतो असं हिशेबासाठी धरलं, तर मर्जसॉर्टला अर्धा सेकंद लागेल आणि या क्विकसॉर्टला आठ तास. हाच हिशेब देशाच्या १२१ कोटी लोकसंख्येला लावला तर एकीकडे सहा मिनिटं आणि दुसरीकडे २३० वर्षं.

प्रत्यक्षात आठ तास वाट पाहायची वेळ येतही नाही, त्याआधीच प्रोग्राम कोसळतो. प्रत्येक फेरी स्वतःला आतून पुन्हा बोलावते, म्हणून या यादीवर बोलावण्यांची खोली २४ लाखांपर्यंत जाऊ पाहते. लिनक्सवर स्टॅकला साधारणपणे ८ एमबी मिळतात. एका बोलावण्याला शंभर बाइट धरले तरी सुमारे ८० हजारांच्या खोलीवर जागा संपते. पायथॉनमध्ये तर मुळातली मर्यादाच १,००० आहे. त्यामुळे हाताने लिहिलेलं भोळं क्विकसॉर्ट आधीच लावलेल्या जेमतेम हजारभर नावांवर `RecursionError` देऊन थांबतं. गोंधळलेल्या यादीवर उत्तम चालणारा प्रोग्राम नीट लावलेल्या यादीवर पडला, तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. स्टॅकपुरता इलाज सोपा आहे. दोन बाजूंपैकी लहान बाजूसाठीच स्वतःला बोलवायचं आणि मोठी बाजू लूपमध्ये उरकायची. लहान बाजू कधीच निम्म्याहून मोठी नसते, म्हणून खोली २१ च्या आसपास अडते. पण आठ तास आठच राहतात.

लावलेली यादी ही दुर्मीळ गोष्टही नाही. काल लावून ठेवलेल्या यादीच्या शेवटी आज हजार नवी नावं जोडून पुन्हा लावायला देणं, हे कचेरीतलं रोजचं काम आहे. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉनसाठी टिमसॉर्ट लिहिलं ते अशाच याद्या डोळ्यांसमोर ठेवून. ते आधी यादीत लागलेले तुकडे शोधतं आणि मग तेच विणतं. पूर्ण लागलेली यादी असेल तर २३,९९,९९९ तुलनांत, म्हणजे एका नजरफेरीत, ते थांबतं. भोळं क्विकसॉर्ट त्याच यादीवर १२ लाख पट जास्त काम करतं.

प्रोग्राम द्विघाती झाला आहे हे बाहेरून कसं ओळखायचं? आधी १२ लाख नावं द्या, मग २४ लाख. वेळ दुपटीहून किंचित जास्त झाला तर ठीक. चौपट झाला तर कुठेतरी n² शिरला आहे.

नाणं उडवण्याची ताकद

इलाज म्हणून बहुतेक जण म्हणतात, “पिव्हट रँडम घेऊ.” हे बरोबर आहे, पण मुलाखत घेणारे इथे पुन्हा अडवतात. “मग वर्स्ट केस गेली का?” गेली नाही. कागदावर ती O(n²)च आहे. बदलली ती तिची शक्यता, आणि ती किती बदलली हे पाहण्यासारखं आहे.

फक्त ३० वेगवेगळी नावं घ्या. प्रत्येक फेरीत नशिबाने सर्वांत पहिलं किंवा सर्वांत शेवटचंच नाव पिव्हट म्हणून यावं, तेव्हा पूर्ण वर्स्ट केस होते. याची शक्यता सुमारे पाचावर २३ शून्यं मांडली असता येणाऱ्या संख्येत एक. विश्वाचं वय आज सुमारे १,३८० कोटी वर्षं धरतात. विश्वाच्या जन्मापासून कोणी सेकंदाला दहा लाख वेळा ही ३० नावांची यादी लावत आला असता, तर आजपर्यंत हे दुर्दैव त्याच्या वाट्याला सरासरीने जेमतेम एकदा आलं असतं. ही गोष्ट ३० नावांची. २४ लाखांसाठीची शक्यता लिहायला शून्यांनी भरलेली पुस्तकंच्या पुस्तकं लागतील.

रँडम पिव्हटचा दुसरा गुण जास्त महत्त्वाचा आहे. पहिल्या नावाचा पिव्हट असताना वाईटपणा यादीत होता, म्हणजे कोणीतरी तशी यादी मुद्दाम बनवून पाठवू शकत होतं. आता वाईटपणा नाण्यात आहे आणि नाणं आपल्या हातात आहे. ‘पहिलं, मधलं आणि शेवटचं यातलं मधलं’ असा ठरावीक नियम लावून हे साधत नाही, कारण ठरावीक नियम माहीत असला की त्याला अडकवणारी यादी रचता येते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये अ‍ॅलन विल्क्स आणि रिक बेकर यांना असाच अनुभव आला. काही मिनिटांत संपायला हवं होतं ते युनिक्सचं `qsort` तासन्‌तास चाललं होतं. यादी होती आधी चढत जाणारी आणि मग तशीच उतरत येणारी. डग मॅकइलरॉय यांनी १९९९ मध्ये याच्याही पुढचं दाखवलं. तुलना करणारं फंक्शनच असं लिहिता येतं, की ते विचारलेल्या प्रश्नांवरून पिव्हट ओळखतं आणि उत्तरं देता देता वाईट यादी रचत जातं.

ज्यांना नाण्यावरही भरवसा ठेवायचा नाही, त्यांच्यासाठी डेव्हिड मसर यांचं १९९७ चं इंट्रोसॉर्ट आहे. क्विकसॉर्ट सुरू करायचं, पण खोलीवर नजर ठेवायची. ती log₂ n च्या दुपटीला, म्हणजे आपल्या यादीसाठी ४२ च्या आसपास पोहोचली की क्विकसॉर्ट सोडून हीपसॉर्टवर जायचं. सी++ मधल्या `std::sort`मागे बहुतेक ठिकाणी हीच रचना असते. तिथे वर्स्ट केससुद्धा O(n log n) राहते.

एकसारख्यांची गर्दी

आता मुलाखत घेणारे यादीचा स्तंभ बदलतात. “नावावर नाही, पिनकोडवर लावा.”

पिनकोडची सहा अंकी रचना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. डाक खात्यातले हे अधिकारी संस्कृतचे कवीही होते. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड लागू झाला. नागपूरच्या जीपीओचा ४४०००१, व्हीएनआयटीच्या परिसराचा ४४००१०. अख्ख्या शहरासाठी हिशेबापुरते ४० पिन धरू. म्हणजे एका पिनवर सरासरी ६० हजार माणसं.

रँडम पिव्हट घेणारं आपलं क्विकसॉर्ट इथे पुन्हा फसू शकतं आणि या वेळी नाणं उपयोगी पडत नाही. ६० हजार ओळींवर सगळीकडे ४४००१० च असेल, तर पिव्हट कोणताही निवडा, तो ४४००१० च असणार. शिकवताना जी सोपी भाग-पाडणी दाखवतात, ती पिव्हटच्या बरोबरीचे सगळे घटक एकाच बाजूला ढकलते. मग पुन्हा एका बाजूला ५९,९९९ आणि दुसऱ्या बाजूला शून्य. एका पिनसाठी १८० कोटी तुलना, चाळीस पिनसाठी ७,२०० कोटी. सेकंदाला १० कोटींच्या हिशेबाने हे बारा मिनिटांचं काम होतं, जे एका सेकंदाच्या आत व्हायला हवं.

यावरचा उपाय म्हणजे दोनाऐवजी तीन भाग करणं. पिव्हटपेक्षा लहान, पिव्हटच्या बरोबरीचे आणि पिव्हटपेक्षा मोठे. बरोबरीचे घटक जागेवर आलेच, त्यांना पुन्हा हात लावायचा नाही. चाळीसच वेगळ्या किमती असल्याने काम मग दोन कोटी तुलनांच्या आत आटोपतं, म्हणजे तळाच्या रेघेच्याही खाली. ती रेघ सगळे घटक वेगळे असताना लागू होती. इथे बरोबरीच्यांमधला क्रम ठरवायचाच नाही, म्हणून प्रश्नही कमी लागतात.

बरोबरीच्यांमध्ये पुढे कोण?

पण तो क्रम ठरवायचा असेल तर? इथे स्टेबिलिटी येते.

समजा यादी आधी नावाने लावली आणि मग पिनने. आपली अपेक्षा असते की प्रत्येक पिनमध्ये नावं अकारविल्हेच राहतील. जी पद्धत बरोबरीच्या घटकांचा आधीचा क्रम मोडत नाही, तिला स्टेबल म्हणतात. क्विकसॉर्ट तो कसा मोडतं ते तीन ओळींवर पाहू. आशा ४४००१०, गणेश ४४००१०, नलिनी ४४०००१. शेवटचा घटक, म्हणजे नलिनी, पिव्हट आहे. तिचा पिन सर्वांत लहान, म्हणून ती पहिल्या जागेवर जाते आणि अदलाबदलीत पहिल्या जागेवरची आशा शेवटी फेकली जाते. क्रम झाला नलिनी, गणेश, आशा. आता गणेश आणि आशा यांचे पिन सारखे आहेत. पुढच्या फेरीत भाग-पाडणी त्यांना ‘लहान किंवा बरोबर’ म्हणून जसेच्या तसे ठेवते आणि काम संपतं. पिनच्या दृष्टीने यादी बिनचूक आहे, नावांच्या दृष्टीने बिघडली आहे.

मर्जसॉर्टमध्ये स्टेबिलिटी एका चिन्हावर टिकते.

```
if left[i] <= right[j]:
    out.append(left[i]); i += 1
else:
    out.append(right[j]); j += 1
```

बरोबरी झाली की डावीकडचा घटक आधी घ्यायचा, कारण मूळ यादीत तो आधी होता. पहिल्या ओळीत `<=` ऐवजी `<` लिहिलं तर बरोबरीत उजवीकडचा पुढे जातो. यादी तरीही लागलेलीच दिसते, कोणताही एरर येत नाही, फक्त स्टेबिलिटी गेलेली असते. पाटीवर मर्जसॉर्ट लिहायला सांगून मुलाखत घेणारे नेमकं या चिन्हाकडे पाहत असतात.

हा फरक किती मोठा आहे? ६० हजार माणसांचे शक्य क्रम लिहायला २ लाख ६० हजार अंकी संख्या लागते. चाळीस पिनचे मिळून ती १ कोटी ४ लाख अंकी होते. पानाला दोन हजार अंक छापले तर नुसती ती संख्या ५,२०० पानं खाईल. अनस्टेबल पद्धतीने यातला कोणताही क्रम दिला तरी ‘पिनप्रमाणे लावलेली यादी’ म्हणून तो बरोबरच ठरतो. स्टेबल पद्धतीला यातला एकच क्रम देण्याची मुभा आहे.

अशी चूक चाचणीत सापडत नाही, हा तिचा खरा त्रास. क्रोम ब्राउझरचं जावास्क्रिप्ट इंजिन बरीच वर्षं १० पर्यंतचे घटक इन्सर्शन सॉर्टने लावत असे, आणि ते स्टेबल आहे. ११ किंवा जास्त घटक झाले की ते क्विकसॉर्टवर जाई, आणि ते स्टेबल नव्हतं. दहा ओळींच्या नमुन्यावर तपासलेलं पान खऱ्या यादीवर वेगळं वागे. २०१८ मध्ये क्रोम ७० ने टिमसॉर्ट आणलं आणि २०१९ च्या जावास्क्रिप्ट मानकाने स्टेबिलिटी बंधनकारक केली.

जावाचं दुसरं कारणही आता स्पष्ट होतं. दोन नुसते पूर्णांक ४४००१० आणि ४४००१० एकमेकांपासून ओळखताच येत नाहीत. त्यांचा क्रम बदलला तरी कोणाला कळणार? म्हणून तिथे स्टेबिलिटीला अर्थ नाही आणि क्विकसॉर्ट चालतं. ऑब्जेक्टला मात्र नाव, पत्ता, गुण असं बरंच काही चिकटलेलं असतं.

उत्तराचा आकार

मग ‘का?’ला काय सांगायचं? आपल्या यादीपुरतं उत्तर असं होईल.

“नावांवर लावायचं असेल तर मी मर्जसॉर्ट घेईन, शक्यतो टिमसॉर्ट. नावांची तुलना महाग आहे आणि मर्जसॉर्ट ती क्विकसॉर्टपेक्षा कमी वेळा करतं. यादी बरीचशी आधीच लागलेली येईल, त्याचाही फायदा मिळेल. पुढे पिनवरही लावायचं आहे, म्हणून स्टेबिलिटी हवी. त्याची किंमत म्हणून दोन कोटी बाइट जादा जागा लागेल, ती आहे. नुसते पूर्णांक असते आणि जागा तंग असती, तर क्विकसॉर्ट घेतलं असतं. रँडम पिव्हट, तीन भागांची भाग-पाडणी आणि खोलीवर मर्यादा यांसकट.”

यातल्या प्रत्येक वाक्याला यादीतलं एक कारण आहे, म्हणून प्रत्येक वाक्यावर ‘का’ विचारला तरी ते टिकतं. इथेच मुलाखत घेणारे एखादी अट बदलून पाहतात. देशाच्या १२१ कोटी नोंदी, प्रत्येकी २०० बाइट, म्हणजे २४२ जीबी आणि मशीनला मेमरी १६ जीबी. आता १२-१२ जीबीचे वीसेक तुकडे मेमरीत लावून डिस्कवर उतरवायचे आणि वीसही तुकडे एकाच फेरीत विणायचे. सगळा डेटा दोनदा वाचला आणि दोनदा लिहिला जातो. डिस्कचा वेग सेकंदाला ५०० एमबी धरला तर वाचण्या-लिहिण्याचं काम साधारण अर्ध्या तासाचं. विणणं मर्जसॉर्टचं, पण मेमरीतला एकेक तुकडा लावायला क्विकसॉर्ट वापरायला हरकत नाही, कारण तिथे जादा जागा नाही. स्टेबिलिटी हवी असेल तर मात्र प्रत्येक नोंदीला तिचा मूळ क्रमांक जोडून बरोबरीत तोच पाहायचा.

आणि पिनवर लावायचं असेल तर दोघांपैकी कोणीच नको, असंही धीटपणे सांगता येतं. टपाल वर्गीकरणाच्या खोलीत पत्रांची एकमेकांशी तुलना होत नाही. पिन वाचून पत्र थेट त्याच्या खणात पडतं. प्रोग्राममध्येही एका फेरीत चाळीस पिनच्या ओळी मोजायच्या आणि दुसऱ्या फेरीत प्रत्येक ओळ तिच्या खणात ठेवायची. ४८ लाख पावलांत काम होतं आणि ओळी आल्या क्रमाने ठेवल्या तर ते स्टेबलही असतं. ४ कोटी ७४ लाखांची रेघ इथे लागू होत नाही, कारण ती तुलना करणाऱ्यांसाठी होती. क्विकसॉर्ट की मर्जसॉर्ट या प्रश्नाआधी किंमत किती प्रकारची आहे हे विचारलं, की कधी कधी तो प्रश्नच उरत नाही.